मदत हवी आहे: दुसरं लग्न ठरलंय, होणाऱ्या नवऱ्याशी तपासणीचा विषय कसा काढू?

माजलगावची_लेक:
नमस्कार. माझं वय ३१. पहिलं लग्न मोडलं, घटस्फोट होऊन बरीच वर्षं झाली. मुलगा आहे, दुसरीत शिकतो. आता पाथरीकडचं एक स्थळ जमलंय. ते ट्रकवर असतात, कापसाच्या गाठी घेऊन तामिळनाडूपर्यंत जातात. त्यांची पहिली बायको दोन वर्षांपूर्वी काविळीनं वारली. त्यांना एक मुलगी आहे. माणूस चांगला आहे, बोलणं मऊ आहे. दिवाळीनंतर लग्न आहे.

मला दोन गोष्टी बोलायच्यात. एक, लग्नाआधी दोघांची एचआयव्ही आणि बाकीची तपासणी व्हावी. दुसरी, दोन लेकरं आधीच आहेत, लगेच तिसरं नको. पण ड्रायव्हर म्हटलं की लोक काय बोलतात ते त्यांनी आयुष्यभर ऐकलंय. मी तपासणीचं नाव काढलं आणि त्यांना तेच वाटलं तर? पहिल्या घरी मी काही विचारलं की भांडणच व्हायचं, त्यामुळं जीभ उचलत नाही. शब्द कसे वापरू तेवढं सांगा.

कडूलिंब:
ताई, स्पष्ट सांगतो, राग मानू नका. विश्वास नसेल तर लग्न कशाला करायलात? आधी त्यांची चौकशी करा, गावात विचारा.

माजलगावची_लेक:
भाऊ, चौकशी झालीय. माझा प्रश्न चारित्र्याचा नाही. मला माझंही माहीत नाही ना, माझा पहिला नवरा कुठं काय करायचा.

गंगथडी_ताई:
हे शेवटचं वाक्य तुम्ही आम्हाला लिहिलंत, तेच त्यांना सांगा. मी बरीच वर्षं सरकारी दवाखान्यात आयसीटीसीची, म्हणजे एचआयव्ही तपासणी केंद्राची, समुपदेशक आहे. "तुम्ही तपासून घ्या" म्हटलं की समोरच्याला आरोप वाटतो, मग कितीही गोड बोला. त्याऐवजी असं म्हणा: "हे माझं दुसरं लग्न आहे. पहिल्या घरून मी काय घेऊन आले ते मला माहीत नाही. मी माझी तपासणी करून घेणार आहे, तुम्ही सोबत याल का? तुमचीही तिथंच होईल." यात पहिलं नाव तुमचं आहे, आणि ते खरं आहे.

फोनवर काढू नका. ते रस्त्यावर असतील, गाडी चालवत असतील, आवाज अर्धा ऐकू येईल. घरच्यांसमोरही नको. बस्ता फाडायला परभणीला जाणारच असाल, तर त्याआधी दोघंच असताना बोला.

आणि लेकरू नको हा विषय त्याच दिवशी काढू नका. दोन्ही एकदम आले की माणसाला वाटतं ही अटी घालायली.

बाभूळबन:
एवढं लांबण लावायची गरज नाही. लग्न झालं की कॉपर-टी बसवून घ्या. माझ्या वहिनीनं बसवली, दहा वर्षांची असते, सरकारी दवाखान्यात फुकट. मग निरोधही लागत नाही आणि बोलायचंही काम नाही.

गंगथडी_ताई:
कॉपर-टीचं खरं आहे. दहा वर्षांची असते, पाच वर्षांचीही मिळते, आणि लेकरू झालेल्या बाईला चांगली चालते. पण ती फक्त दिवस राहू देत नाही. आजार अडवायला निरोधच लागतो. अंगावरून घाण वास येणारं पांढरं जात असेल तर आधी त्याचा इलाज, मग कॉपर-टी. "बोलायचंही काम नाही" हे तर मला मुळीच पटत नाही.

ताई, तुम्ही लिहिलेल्या काविळीकडं लक्ष द्या. पाण्यातून होणारी कावीळ वेगळी. पण हिपॅटायटिस बी रक्तातून आणि शरीरसंबंधातून पसरतो, आणि अंगात वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. त्यांच्या बायकोला कोणती होती ते कागदावर असेल. म्हणून एचआयव्ही आणि गरमीच्या तपासणीसोबत एचबीएसएजी, म्हणजे हिपॅटायटिस बीची रक्ततपासणी मागा. हे एका अर्थी बोलायला सोपं आहे, कारण इथं दोष कोणाचाच नाही. त्यांच्या मुलीचीही तपासणी करा, आईकडून बाळाला जाऊ शकतो. तुम्हाला नसेल तर लस घ्या, तीन डोस असतात: आज, एक महिन्यानं, सहा महिन्यांनी.

एमएच२२_स्टेअरिंग:
म्या स्वतः ड्रायव्हर आहे, म्हणून लिहितो. माझ्या बायकोनं लग्नानंतर हाच विषय काढला तेव्हा लई राग आला होता. ती म्हणली, "तुमच्या लाईनीत असं असतं म्हणून." म्या महिनाभर नीट बोललो नाही. नंतर ती स्वतः दवाखान्यात जाऊन आली आणि स्वतःचा कागद माझ्यासमोर ठेवला. काहीच म्हणली नाही. दुसऱ्या खेपेला म्या गेलो. ताई, तुमचे ते चिडले तर चिडू द्या, पण ट्रकचा ट सुद्धा काढू नका.

माजलगावची_लेक:
दादा, हे लई कामाचं सांगितलंत. पण तिथं गेल्यावर काय विचारतात? त्यांच्यासमोर मला, किंवा माझ्यासमोर त्यांना, "आधी कोणासोबत" असं विचारलं तर सगळंच बिघडेल.

गंगथडी_ताई:
विचारतात, पण एकेकट्याला आत घेऊन. म्हणून हे प्रश्न तुम्ही त्यांना विचारूच नका, ते समुपदेशकाचं काम आहे. शेवटचा संबंध तीन महिन्यांच्या आत आला असेल तर आजचा निकाल पक्का धरत नाहीत, पुन्हा बोलावतात. त्यांना पुन्हा यायला सांगितलं तर "का" म्हणून खोदू नका. दुसऱ्या तपासणीपर्यंत निरोध वापरायचा, एवढंच दोघांचं ठरू द्या.

तपासणी फुकट आहे. संमतीशिवाय करत नाहीत, आणि निकाल ज्याचा त्यालाच देतात. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं ते बंधन आहे. दोघांनी एकमेकांना सांगायचं आधीच ठरवा आणि निकाल घ्यायला सोबत जा. गावात ओळखीचे भेटतील असं वाटत असेल तर अंबाजोगाईला मेडिकल कॉलेजात किंवा परभणीच्या जिल्हा रुग्णालयात जा, आपलाच तालुका पाहिजे असं काही नाही. १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करून आधी विचारताही येतं.

माजलगावची_लेक:
काल बोलले. बस्त्याच्या आधी नाही जमलं, नंतर रसवंतीवर बसलो तेव्हा. माझं वाक्य मी घोकून गेले होते, तरी अर्धंच आलं. ते गप्प बसले, मग म्हणाले, "माझ्यावर संशय आहे का?" मी म्हणाले, "नाही, मला माझीच भीती आहे." मग काविळीचं काढलं. त्यांनी सांगितलं की बायकोचे कागद अजून पेटीत आहेत, पण तेव्हा त्यांची स्वतःची तपासणी कोणीच केली नव्हती. पुढच्या खेपेहून आले की परभणीला जायचं ठरलंय.

निरोधाचं मात्र अडलं. म्हणाले, "लग्नाच्या बायकोसोबत कशाला?" मी पुढं बोलले नाही.

एमएच२२_स्टेअरिंग:
आता तेवढंच राहू द्या. दवाखान्यातल्या बाईनं सांगितलं की गडी ऐकतो, घरातल्यानं सांगितलं तर नाही.

गंगथडी_ताई:
मी अर्धीच सहमत. समुपदेशक सांगेलच, पण तुमच्या तोंडूनही जाऊ द्या, नाहीतर पुढं प्रत्येक गोष्टीला तिसरं माणूस लागेल. म्हणा, "निकाल पक्का होईपर्यंत आणि माझी लस पुरी होईपर्यंत निरोध. मग कॉपर-टी की अंतरा इंजेक्शन ते दोघं ठरवू." नेहमीसाठी म्हटलं की माणूस अडतो, मुदत दिली की ऐकतो. तरी नाही म्हणाले तर लस पुरी होईपर्यंत तुम्ही थांबायचं की नाही, हे तुमचं तुम्हाला ठरवावं लागेल.

बाभूळबन:
आणि लग्न दिवाळीनंतर आहे. लसीला सहा महिने लागणार म्हणता. मग लग्न पुढं ढकलायचं का?

गंगथडी_ताई:
आधी त्यांचा एचबीएसएजी येऊ द्या. निगेटिव्ह आला तर लसीसाठी थांबायचं कारण नाही. पॉझिटिव्ह आला तरी लग्न मोडायचं कारण नाही, पण तेव्हा डॉक्टरांना विचारून तारखेचं बघा.