महिन्याला १५० किमी, सगळे इझी पेसने: आठवड्याला किती तास धरायचे?

येऊरचा_चढ
ठाण्यात राहतो, वय ४३. नोव्हेंबरात १५० किमी करायचे ठरवलंय, सगळे इझी. माझी हाफ मॅरेथॉन २ तास ३० मिनिटांची आहे, म्हणजे किलोमीटरला ७:०७ चा पेस, त्यावरून हिशोब केला तर आठवड्याला ४ तास १० मिनिटं येतात. एवढे पुरतील का? घरी आधीच सांगून ठेवायचंय.

गणिती_पाय
नाही पुरणार. भागाकार बरोबर आहे तुमचा पण ७:०७ हा रेसचा पेस आहे, त्या दिवशी तुम्ही जीव काढून पळालात. इझी म्हणजे शेजारच्याला एक अख्खं वाक्य न अडखळता सांगता आलं पाहिजे. तुमच्या हाफवरून तो ८ च्या आसपास असावा, थोडा मागेपुढे. आता ८ धरा. १५० गुणिले ८ म्हणजे १२०० मिनिटं, म्हणजे महिन्याचे २० तास. नोव्हेंबर ३० दिवसांचा, तर २० ला ३० ने भागून ७ ने गुणा, ४ तास ४० मिनिटं. तुमच्या आकड्यापेक्षा दर आठवड्याला अर्धा तास जास्त, आणि हा अर्धा तास घरी सांगितला नाहीत की मग तो वाचवायला माणूस नकळत जोरात पळायला लागतो, आणि इझी रन इझी राहत नाही.

सुसाट_पुणेकर
एवढं काय त्यात, १५० ला ४ ने भागा, आठवड्याला साडेसदतीस किमी, विषय संपला. आणि खरं सांगू का १५० म्हणजे फार नाहीच. माझा इझी सव्वापाचचा आहे, महिन्याचे १३ तास होतात, ऑफिसच्या आधी सहज उरकतं. ८ ने पळायचं म्हणजे चालणंच झालं की.

गणिती_पाय
@सुसाट महिना ४ आठवड्यांचा फक्त फेब्रुवारीत असतो हो. पण तुमची चूक कामाची आहे, ४ ने भागलं की त्यांचे आठवड्याचे ५ तास येतात, आणि महिनाभर खरंच ५ तास दिले तर जवळपास दीड तास शिल्लक पडतो. एखादा रन बुडाला तर तो त्यात निघतो. म्हणून घरी ५ सांगा, कागदावर ४:४० ठेवा.
दुसरं म्हणजे तुमचे १५० आणि यांचे १५० सारखे नाहीत. तुम्ही १३ तास पायावर, हे २०. पाऊल छोटं, त्यामुळे पावलंही जास्त पडणार. सव्वापाचवाल्याचं टार्गेट ८ वाल्याने उचललं तर तो निम्म्याने जास्त वेळ रस्त्यावर असतो, आणि ग्रुपमध्ये सगळ्यांना एकच आकडा वाटला जातो. नडग्या आणि टाचा मग मागचेच लोक धरून बसतात.

नाशिकची_पहाट
पुरुषमंडळींचा हिशोब घड्याळाचं बटण दाबल्यापासून सुरू होतो 😄 माझी मुलगी ४ वर्षांची आहे, मला दार ओढून घेतल्यापासून परत आत येईपर्यंतची वेळ मोजावी लागते. बूट, वॉर्मअप, ग्राउंडपर्यंत स्कूटर, नंतर स्ट्रेचिंग, आंघोळ. एका रनमागे २५ मिनिटं तरी कुठेच न दिसणारी. आठवड्यात ५ दिवस पळालात तर झाले २ तास जादा, म्हणजे दादा तुमचे ४:४० नाहीत, घरच्यांच्या दृष्टीने पावणेसात आहेत. आणि हो, ॲपवर मूव्हिंग टाइम बघून हिशोब करू नका, सिग्नलला आणि पाण्याला थांबलेला वेळ त्यात येतच नाही.
यावर उपाय म्हणजे दिवस कमी करा, ५ ऐवजी ४. माझं तरी असंच चालतं.

गणिती_पाय
@नाशिकची_पहाट मान्य, ते मी धरलंच नव्हतं. फक्त ४ दिवस केले तर प्रत्येक रन ७० मिनिटांचा होतो, रविवार ११० मिनिटांचा ठेवला तरी बाकीचे तिन्ही रन जवळपास तासाभराचे होतात. तुम्हाला जमतंय कारण सवय आहे. यांना मी असं सुचवीन: मंगळवार ५० मिनिटं, बुधवार ४०, गुरुवार ५०, शनिवार ३०, रविवार ११०. बेरीज २८०, म्हणजेच ४:४०, ८ च्या पेसने ३५ किमी.

आप्पा_चालते
मी रोज सकाळी ६ किमी चालतो, गेल्या वर्षभरात पोट बरंच उतरलं. वजनासाठी एवढं पळायची गरज नाही, रात्रीचा भात बंद करा.

नाशिकची_पहाट
आप्पा, वजनाचं विचारलंच नाहीये त्यांनी 🙏

मिनिटवाला
मुळात किमीचं टार्गेटच चुकीचं आहे असं माझं मत. आठवड्याला साडेचार तास ठरवा, पळा, किमी पडतील तेवढे पडतील. ठाण्याच्या दमट हवेत ८ चा पेस कधी ८:३० होतो, येऊर चढायला लागलात तर ९ च्या पुढे जातो, मेहनत मात्र तेवढीच. किमी धरून बसलात तर त्या दिवशी एकतर जास्त वेळ पळणार नाहीतर दम लागेल इतकं दामटणार.
आणि खरी गंमत महिनाअखेरीस. समजा तापाने एक आठवडा गेला. आता २० तास २३ दिवसांत बसवायचे, म्हणजे आठवड्याला ६ तासांच्या वर. आजारातून उठलेला माणूस नेहमीपेक्षा तीस टक्के जास्त पळणार, कशासाठी, तर ॲपवरच्या एका बॅजसाठी. मी तरी तो आठवडा सोडून देईन, ११५ झाले तर ११५.

सुसाट_पुणेकर
@मिनिटवाला हे ऐकायला छान वाटतं पण हाफ २१.१ किमीचीच असते, साडेचार तासांची नसते. मिनिटांवर पळणारे हळूहळू जास्तच हळू होतात, मी ग्रुपमध्ये बघितलंय, मध्ये फोटो, मध्ये गप्पा, टायमर चालू. किमी असले की लपवाछपवी नाही. आजारपणाचं मान्य, तेवढं सोडा.

मिनिटवाला
रेस २१ ची असते म्हणून रविवारचा रन किमीने मोजा, कोण नाही म्हणतंय. बाकीचे चारही रन मिनिटांवर ठेवा. आणि ८ ला चालणं म्हणणाऱ्यांनी कधीतरी तेवढ्या वेगाने एक किलोमीटर चालून दाखवावं.

येऊरचा_चढ
सगळ्यांचे आभार, मी आज मागचे चार रन काढून बघितले. उपवनला तलावाभोवती सपाटीवर वाक्य बोलता येईल असं पळालो ते ७:५० आणि ८:०५. येऊरला त्याच दमात ९:१०. म्हणजे गणिती म्हणतात ते बरोबर, पण मी आठवड्यातून एकदा तरी येऊर करतो, तो धरला तर ५ तासही घट्टच होतील की. येऊर सोडायचा नाहीये, सुनसान असतं, बरं वाटतं.

गणिती_पाय
मंगळवारची ५० मिनिटं येऊरला गेली तर सव्वासहा किमीऐवजी साडेपाच होतील, आठवड्याला पाऊण किलोमीटर कमी, महिन्याला तीन-सव्वातीन. तेवढं ५ तासांच्या शिलकीत मावतं. दोनदा जायला लागलात तर मात्र १५० चं १४५ करा, वेळ वाढवू नका. तुळशीचं लग्न झालं की लग्नांची आमंत्रणं येतात, शनिवार-रविवार त्यात जाणार ते वेगळंच. आत्ता महिन्याला किती होतात तुमचे?

येऊरचा_चढ
९० ते १००.

मिनिटवाला
हे आधी सांगायचं ना भाऊ! १०० वरून थेट १५०? म्हणजे आठवड्याला ३ तास ७ मिनिटांवरून ४:४०. आधी १२० करा, पावणेचार तासांत बसतं.

सुसाट_पुणेकर
मी ८० वरून १४० केले होते, काही झालं नाही.

गणिती_पाय
सव्वापाचच्या पेसने १४० म्हणजे सव्वाबारा तास. ते यांच्या पेसच्या ९२ किमीएवढे झाले, जे हे आत्ताच करतायत. @येऊरचा_चढ मी १२० च्या बाजूने. डिसेंबरात परत बघू.