बाळू पालवणकरांचे बळी: 114 की 75?

जिमखाना_कट्टा: भारतीय संघाच्या 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात गोलंदाज बाळूंनी 114 बळी घेतले, आता जुना_धावफलकच्या तक्त्यात म्हणे 75! पदार्पणही 1906, म्हणजे तिशीच्या आसपास! आपल्या माणसाचं कर्तृत्व असंच पुसतात.

जुना_धावफलक: कुणी काही पुसलेलं नाही. दौऱ्यात 23 सामने झाले, त्यातले 14 प्रथम श्रेणीचे, म्हणजे वरच्या दर्जाचे मानलेले. 114 सगळ्या सामन्यांचे, 75 त्या चौदांचे. कारकिर्दीचे 179 बळीही फक्त प्रथम श्रेणीचेच आहेत, त्यांच्या शेजारी 114 ठेवून ओरडण्यात अर्थ नाही. शंका असेल तर धावफलक काढा. गोलंदाजांचे बळी अधिक धावबाद, एवढी बेरीज पडलेल्या गड्यांइतकी यायला हवी. मग धावा: गोलंदाजांनी दिलेल्या अधिक सगळ्या अवांतर, ही बेरीज संघाच्या धावसंख्येइतकी हवी. त्या काळी वाइड, नोबॉल गोलंदाजाच्या खात्यात जात नसत. ते आजच्या सवयीने गोलंदाजाच्या खात्यात धरलेत तर ताळा चुकतो. तरीही जुळलं नाही तर त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातला वृत्तांत पाहायचा.

नाना_साताऱ्याहून: जन्मतारखेचं काय? बाळूंचं साल कुठे 1875 आहे, कुठे 1876. आमच्या काकांना मास्तरांनी 1 जून लावून दिली, पेन्शन वर्षभर आधी सुरू झाली!

कट्टेकर_ताई: आमच्या घरात चौघांचा वाढदिवस 1 जूनला. केक एकच.

नाना_साताऱ्याहून: तुमचं हसण्यावारी गेलं, आमचं वर्षभराचं वेतन गेलं.

जुना_धावफलक: नाना, धागा काकांचा नाही. धावपुस्तकात जन्मतारीख नसतेच. वृत्तांतात फार तर वय असतं, तेही बातमीदाराने ऐकलेलं. त्यावरून साल ठरवू नका.

जिमखाना_कट्टा: तारखेचं राहू द्या. 1906 च्या आधी हा माणूस पुण्यात ग्रेगसारख्या इंग्रज फलंदाजाला गोलंदाजी करत होता, मोठ्या क्लबांना गारद करत होता. ते काय गोट्या खेळणं होतं? प्रथम श्रेणी ठरवली कुणी? साहेबांनी!

जुना_धावफलक: यात तथ्य आहे. 1906 चा हिंदू विरुद्ध युरोपियन सामना, जो हिंदूंनी 109 धावांनी जिंकला, तो बाळूंच्या प्रथम श्रेणीच्या यादीतला पहिला. त्यांच्या खेळातला पहिला नव्हे. शिक्का कशाला द्यायचा यावर आजही भांडणं आहेत. इंग्लंडचा फलंदाज जॅक हॉब्ज, त्याची शतकं एका हिशेबात 197, दुसऱ्यात 199. जास्तीची दोन विजयनगरमच्या संघाकडून 1930-31 मध्ये भारत-सिलोनमध्ये काढलेली. शतकं खरी, वाद सामन्यांच्या दर्जाचा.

जिमखाना_कट्टा: म्हणजे साहेबाच्या दोन शतकांवर वाद घालायला लोक आहेत, आमच्या पुण्याच्या सामन्यांना कुणी नाही. बरं, 75 मान्य. पण तुमच्या तक्त्यात 114 चा रकाना शेजारी असायलाच हवा.

जुना_धावफलक: ठेवा की, वर 'सर्व सामने' लिहून. आणि 'बाळू' दिसला की झालं असं समजू नका. दौऱ्याच्या संघात त्यांचे भाऊ शिवरामही होते. वृत्तांतात नुसतं 'पालवणकर' आलं तर कोणता, ते शोधावं लागतं.

नाना_साताऱ्याहून: आणि काकांचं वर्ष?