‘गुंतवणूक’ नेमकी कोणाची? रोख प्रवाह पत्रकातल्या एका शब्दाची अडचण

गंगापूररोडवासी
मी नाशिकमधील एका खासगी शिकवणीसाठी वाणिज्य शाखेच्या टिपणांचे मराठी रूपांतर करतो. रोख प्रवाह पत्रकाच्या प्रकरणात व्यवहारांची तीन गटांत वाटणी करायची असते आणि त्या गटांना मी ‘कार्यचालनविषयक’, ‘गुंतवणूकविषयक’ व ‘वित्तपुरवठाविषयक’ अशी नावे दिली होती. सराव परीक्षेत द्राक्षे निर्यात करणाऱ्या एका काल्पनिक कंपनीचे व्यवहार दिले होते. तिने स्वतःचे १२,००,००० रुपयांचे नवे शेअर विकले, शीतगृहासाठी ७,००,००० रुपयांचे यंत्र घेतले, १,४०,००० रुपये पुस्तकी किमतीचे जुने यंत्र १,६५,००० रुपयांना विकले, दुसऱ्या कंपनीला ३,००,००० रुपये कर्ज दिले, त्यावर २४,००० रुपये व्याज मिळवले आणि बँकेच्या मुदत कर्जावर ६०,००० रुपये व्याज भरले.

एका हुशार मुलीने शेअरचे बारा लाख ‘गुंतवणूकविषयक’ गटात टाकले. गुण कापल्यावर तिने विचारले, “सर, लोकांनी कंपनीत गुंतवणूक केली, मग हे गुंतवणुकीत का नाही?” मराठी म्हणून तिचे वाक्य निर्दोष आहे, त्यामुळे मला पटकन उत्तर देता आले नाही. शब्द बदलावा की समजावण्याची पद्धत बदलावी, हे जाणकारांनी सांगावे.

पंचवटीचा भाषाप्रेमी
दोष त्या मुलीचा नाही, आपल्या शब्दाचा आहे. गुंतणे, गुंता, गुंतवणे ही सारी अडकण्याची रूपे आहेत आणि गुंफणे हेही त्याच कुळातले असावे, असे मला वाटते. जो शब्द मुळात ‘अडकणे’ सांगतो, त्याच्यावर एवढ्या काटेकोर वर्गीकरणाचे ओझे टाकणे योग्य नाही. माझ्या मते ‘निवेशन’ हा शब्द घ्यावा. तो कोणाच्या रोजच्या बोलण्यात नसल्याने कोणी त्याला आपला अर्थ चिकटवणार नाही.

दिंडोरीचा बागायतदार
आमच्याकडे हा शब्द रोजच्या बोलण्यातला आहे, म्हणून माझा अनुभव सांगतो. ऑक्टोबरच्या छाटणीपासून माल निघेपर्यंत खते, औषधे आणि मजुरी यांवर जे जाते, त्याला आम्ही “बागेत पैसा गुंतलाय” असेच म्हणतो. तेव्हा माझ्या हिशेबाने यंत्रापेक्षा फवारणीचा खर्च हीच खरी गुंतवणूक आहे. प्रश्नात फवारणीच नाही, हे मला चमत्कारिक वाटले.

जमाखर्च, नाशिकरोड
बागायतदार दादांनी प्रश्नाला बगल दिली असली, तरी अडचण त्यांच्याच वाक्यात सापडते. मराठीत ‘गुंतवणूक’ म्हटले की पैसा कोणाचा गुंतला आणि तो कधी मोकळा होणार, हे शब्द सांगत नाही. पत्रकाला मात्र हे दोन्ही नक्की करून हवे असते.

पहिली गोष्ट म्हणजे पत्रक कंपनीचे असते, त्यामुळे प्रत्येक ओळीचा कर्ता कंपनीच असतो. शेअर घेणाऱ्याने गुंतवणूक केली हे खरे, पण ती त्याच्या हिशेबात दिसेल. कंपनीने स्वतः काय केले, तर भांडवल उभे केले, म्हणून बारा लाख तिसऱ्या गटात. दुसरी गोष्ट मुदतीची आहे. फवारणीचा पैसा त्याच हंगामाच्या मालाबरोबर परत येतो, म्हणून तो रोजच्या धंद्याच्या म्हणजे पहिल्या गटात बसतो. तेच नवीन वेलींची लागवड आणि मांडवाचे खांब-तारा यांचे आहे असे म्हणाल, तर ते चुकेल, कारण ती मालमत्ता अनेक हंगाम फळ देते आणि तिच्यावरचा पैसा दुसऱ्या गटात जातो. दादांच्या एकाच बागेत दोन्ही गट आहेत, आणि बोलताना दोन्हींना शब्द मात्र एकच आहे.

निवृत्त बँकर, इंदिरानगर
मी छत्तीस वर्षे बँकेत काढली आहेत, तेव्हा दोन ओळींबद्दल ठामपणे सांगू शकतो. कर्ज देणे, व्याज घेणे आणि व्याज देणे हे रोजचेच काम आहे, त्यामुळे प्रश्नातील तीन लाखांचे कर्ज, २४,००० आणि ६०,००० या तिन्ही रकमा पहिल्या गटात गेल्या पाहिजेत. त्या मुलीचे शेअरचे उत्तर चुकले असेल, पण शिक्षकांचे व्याजाचे उत्तरही तपासून पाहावे.

जमाखर्च, नाशिकरोड
काका, बँकेच्या पत्रकासाठी आपले म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे, कारण बँकेचा माल पैसाच असतो. ही कंपनी मात्र द्राक्षे विकते. आपल्याकडच्या लेखा मानक ३ प्रमाणे बँकेसारखी वित्तसंस्था नसलेल्या कंपनीने भरलेले व्याज तिसऱ्या गटात जाते, तर मिळालेले व्याज आणि मिळालेला लाभांश दुसऱ्या गटात जातात. दिलेले कर्जही दुसऱ्याच गटात जाते, कारण कंपनीने आपला पैसा धंद्याबाहेर लावला. अमेरिकी नियमांत भरलेले आणि मिळालेले व्याज पहिल्याच गटात दाखवतात, त्यामुळे परदेशी पुस्तक उघडून बसलेला विद्यार्थी तुमच्यासारखेच उत्तर लिहितो आणि आपल्या परीक्षेत गुण गमावतो.

येथेही शब्दच फसवतो. ‘कर्ज’ दिसले की मुले तिसरा गट लिहून मोकळी होतात. कर्ज घेतले तर तिसरा आणि दिले तर दुसरा, म्हणून नामाकडे न पाहता क्रियापदाकडे पाहायला शिकवावे.

निवृत्त बँकर, इंदिरानगर
वित्तसंस्थेचा अपवाद मान्य. तरीही साध्या कारखान्याने भरलेले व्याज हा नफा-तोट्यातला खर्च आहे आणि खर्च हा धंद्याचाच असतो. तुमचे मानक काहीही सांगो, मला ते पटत नाही.

शिकवणीवाल्या ताई, सिडको
काकांना न पटणे आणि मुलांचे गुण जाणे या वेगळ्या गोष्टी आहेत. मला एक व्यवहारातली शंका आहे. माझी मुले म्हणतात, “मॅडम, शेवटची शिल्लक जुळली, म्हणजे उत्तर बरोबर.” या प्रश्नात ते खरे ठरते का?

जमाखर्च, नाशिकरोड
नाही, आणि ताईंनी हे विचारले ते बरे झाले. आकडे मांडून पाहू. योग्य वाटणीत दुसऱ्या गटात यंत्राचे सात लाख आणि दिलेल्या कर्जाचे तीन लाख जातात, जुन्या यंत्राचे १,६५,००० व व्याजाचे २४,००० येतात, म्हणजे एकूण ८,११,००० रुपये बाहेर गेले. तिसऱ्या गटात बारा लाख आले आणि ६०,००० गेले, म्हणजे ११,४०,००० शिल्लक राहिली. दोन्ही मिळून वाढ ३,२९,००० रुपयांची.

आता त्या मुलीप्रमाणे बारा लाख दुसऱ्या गटात टाका. दुसरा गट ३,८९,००० रुपये आत दाखवेल, तिसरा ६०,००० बाहेर दाखवेल आणि बेरीज पुन्हा ३,२९,०००! रक्कम एका गटातून दुसऱ्या गटात सरकली तरी एकूण हलत नाही, म्हणून शेवटची शिल्लक ही चूक कधीच पकडणार नाही. ती वाचतानाच पकडावी लागते. जी कंपनी यंत्रे विकत घेते आहे आणि कर्जेही देते आहे, तिच्या दुसऱ्या गटात पैसा आत येताना दिसला, तर थांबून विचारावे की एवढा पैसा कोणती मालमत्ता विकून आला.

जुन्या यंत्राची चूक याहून लबाड असते. विक्रीत २५,००० रुपये नफा झाला आणि तो निव्वळ नफ्यात आधीच मिसळलेला आहे. पहिल्या गटात तो वजा करून दुसऱ्या गटात पूर्ण १,६५,००० दाखवायचे असतात. वजा करायचे विसरले तर शिल्लक २५,००० रुपयांनी चुकते आणि विद्यार्थी जागा होतो. पण काही मुले नफा पहिल्या गटात तसाच ठेवून दुसऱ्या गटात पुस्तकी किंमत, म्हणजे १,४०,००० लिहितात. तेव्हा शिल्लक जुळते, दोन्ही गट मात्र चुकलेले असतात.

शिकवणीवाल्या ताई, सिडको
हा शेवटचा प्रकार मी गेल्याच आठवड्यात एका वहीत बरोबर म्हणून तपासून दिला आहे. वही परत मागवते.

पंचवटीचा भाषाप्रेमी
चर्चा हिशेबाकडे गेली, पण शब्दाचे काय झाले? ‘निवेशन’ला कोणीच विरोध केलेला नाही. शिवाय ‘वित्तपुरवठा’ हाही सदोष आहे, कारण पुरवठा करणारी बँक असते, कंपनी नव्हे. येथेही कर्ता उलटाच आहे. त्यासाठी मी ‘निधिउभारणी’ सुचवतो.

गंगापूररोडवासी
‘वित्तपुरवठ्या’चा दोष मला मान्य आहे आणि तो माझ्या लक्षातही आला नव्हता. पण ‘निधिउभारणी’ घेतली तर कर्जाची परतफेड आणि वाटलेला लाभांश मुले कुठे टाकतील? दोन्ही तिसऱ्याच गटात जातात आणि दोन्हींत निधी उभारला जात नाही, उलट जातो. तुमचा शब्द अर्धाच गट झाकतो.

पंचवटीचा भाषाप्रेमी
मग ‘निधिव्यवस्था’ म्हणा. ऑपरेटिंग, इन्व्हेस्टिंग, फायनान्सिंग असे देवनागरीत लिहून वेळ मारून नेऊ नका, एवढीच विनंती.

शिकवणीवाल्या ताई, सिडको
आमच्या वर्गात तसेच बोलतात आणि मी ते बदलणार नाही. ‘इन्व्हेस्टिंग’ या शब्दाला मराठीत मागचे काही चिकटलेले नसल्याने मुले त्याला निव्वळ खणाचे नाव समजतात. तुम्हाला ‘निवेशन’कडून जे हवे आहे, ते हा उसना शब्द आधीच करतो आहे. बाकी ‘गुंतवणूक’ ठेवलीच, तर आणखी एक खड्डा सांगून ठेवते. शिल्लक पैसा दोन महिन्यांच्या मुदत ठेवीत ठेवला, तर घरी त्याला आपण गुंतवणूकच म्हणू, परंतु ठेवल्यापासून तीन महिन्यांच्या आत सुटणारी अशी ठेव पत्रकात रोख रकमेसारखीच धरतात आणि ती कोणत्याच गटात येत नाही.

जमाखर्च, नाशिकरोड
ताईंशी मी सहमत आहे, पण उसन्या शब्दाने त्या मुलीचा प्रश्न सुटला नसता. ‘इन्व्हेस्टर’ने पैसे दिले म्हणून ‘इन्व्हेस्टिंग’, असे ती म्हणाली असती. माझ्या मते नाव कोणतेही ठेवा, पण टिपणात गटाच्या मथळ्याचे पूर्ण वाक्य करा. ‘कंपनीने दीर्घकाळासाठी किंवा धंद्याबाहेर लावलेला पैसा आणि त्यातून परत आलेला पैसा’ असे लिहिले की कर्ता आणि मुदत दोन्ही बांधले जातात.

पंचवटीचा भाषाप्रेमी
ती व्याख्या झाली, शब्द झाला नाही.

गंगापूररोडवासी
तूर्त मथळ्यात ‘गुंतवणूक’ राहू देतो आणि खाली हे वाक्य घालतो. तिसऱ्या गटाचे नाव अजून ठरत नाही. ‘वित्तविषयक’ म्हणावे तर मिळालेले व्याजही वित्तच वाटते. गुणांबद्दल सांगायचे तर त्या मुलीला बारा लाखांचा गुण देता येणार नाही, मात्र शिकवणीतल्या पुढच्या प्रश्नात मी ‘लोकांनी गुंतवलेले भांडवल’ असे शब्द वापरणार नाही.

दिंडोरीचा बागायतदार
मी सोसायटीकडून पीककर्ज घेतो आणि त्यातूनच फवारणी करतो. जमाखर्चवाल्यांनी फवारणी पहिल्या गटात टाकली, मग ते कर्जही पहिल्याच गटात ना?

जमाखर्च, नाशिकरोड
नाही दादा. कर्ज आले तो एक व्यवहार, औषध घेतले तो दुसरा. कर्ज घेतल्याची रक्कम तिसऱ्या गटात, औषधाची पहिल्या गटात, आणि हंगामानंतर मुद्दल फेडाल ते पुन्हा तिसऱ्या गटात. पैसा कशासाठी वापरला, यावरून तो आला त्या ओळीचा गट ठरत नाही.

निवृत्त बँकर, इंदिरानगर
आणि त्या पीककर्जावरचे व्याज? आमच्या बँकेत तरी ते पहिल्याच गटात होते.