प्रतिसाद: कार्बनला विचारा, कुठे जायचंय

«पर्लाइट, बेनाइट, मार्टेन्साइट... तापमानं पाठ करतो आणि दोन दिवसांत विसरतो. यात काही तर्क आहे का?»

आहे. ही सगळी पोलाद थंड होताना बनणाऱ्या रचनांची नावं, आणि त्यांचा तर्क एकाच गोष्टीभोवती फिरतो: कार्बनच्या अडचणीभोवती. साधारण ०.८ टक्के कार्बनचं साधं पोलाद घ्या. ७२७ अंश सेल्सिअसच्या वर ऑस्टेनाइट, म्हणजे लोखंडाचं गरम असतानाचं रूप, हा सगळा कार्बन पोटात ठेवतो. त्याखाली लोखंडाला फेराइट या दुसऱ्या रूपात जायचं असतं, पण फेराइटमध्ये जेमतेम ०.०२ टक्के मावतो. मग उरलेल्यानं जायचं कुठे?

हळू थंड केलं तर तो शेजारी सरकून सिमेंटाइटची, म्हणजे लोखंड-कार्बन संयुगाची, पाटी बनवतो. फेराइट, सिमेंटाइट असे थर पडतात, तेच पर्लाइट. तापमान जितकं कमी, तितका कार्बन कमी अंतर चालू शकतो, म्हणून थर बारीक आणि पोलाद जास्त कडक.

मग कोणत्या तापमानाला बदल किती वेळात होतो हे दाखवणाऱ्या टीटीटी आलेखाला नाक, म्हणजे सगळ्यात लवकर बदल होतो ते टोक, का? ७०० अंशांना कार्बन चपळ असतो, पण बदलायची घाई नसते. ४०० ला घाई खूप, पण कार्बन मंद, म्हणून फेराइट आणि अतिबारीक सिमेंटाइटचं बेनाइट हळू बनतं. ५५० च्या आसपास दोन्हींचा मेळ बसतो, बदल सेकंदाभरात सुरू होतो.

पातळ तुकडा पाण्यात बुडवला की हे नाक चुकतं. साधारण २२० अंशांखाली लोखंडाच्या अणूंची जाळी एकदम सरकते, कार्बन आतच अडकतो आणि जाळी एका बाजूला ताणली जाते: मार्टेन्साइट, कडक पण ठिसूळ. (आमच्या प्रयोगशाळेत असा एक तुकडा टेबलावरून पडून तडकला होता.) टेम्परिंग म्हणजे ते पुन्हा थोडं तापवून अडकलेल्या कार्बनला थोडी वाट करून देणं.