मदत हवी आहे: फोन टॅप केल्यावर लहान रक्कम जाते, मोठी अडते (बडोदा)

मीनल_रावपुरा
नमस्कार मंडळी. अँड्रॉइड फोन आहे, गूगल पेमध्ये डेबिट कार्ड टॅपसाठी जोडलेलं आहे. मेडिकलमध्ये 340 रुपये, दूधवाल्याकडे 180 रुपये, फोन लावला की लगेच जातात. पण काल रावपुऱ्यातल्या कापडाच्या दुकानात 2,850 रुपयांना दोनदा लावला, दोन्ही वेळा मशीनवर `DECLINED`. मग तेच प्लास्टिकचं कार्ड त्याच मशीनला टॅप केलं, तर पहिल्याच फटक्यात गेले. खात्यात शिल्लक भरपूर आहे. मशीनमधून निघालेली चिठ्ठी जपून ठेवली आहे. दुकानदार म्हणाले, "बेन, तुमचा फोनच खराब आहे." खरंच फोन दाखवायला न्यायला हवा का?

सुहास_दांडियाबाजार
फोन ठीक असणार. टॅपला 2,000 ची मर्यादा असते, त्यावर पिन लागतो. 2,850 म्हणजे मर्यादेच्या वर, म्हणून अडलं. तरीही एकदा `NFC` बंद करून चालू करा आणि कार्ड ॲपमधून काढून पुन्हा जोडा. माझ्या पाहण्यात निम्म्या तक्रारी त्यानेच जातात.

वंदना_अलकापुरी
यूपीआयची दिवसाची मर्यादा संपली असेल. माझंही क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की कधीकधी अडकतं. बँकेत विचारा.

मशीन_जोडणारा
मीनलताई, फोन कुठेही नेऊ नका आणि कार्डही अजून काढू नका. आधी चिठ्ठी बघा. दोन गोष्टी हव्यात: कार्डाचे छापलेले शेवटचे चार आकडे, आणि `DECLINED` च्या आसपास दोन आकडी कोड आहे का.

का विचारतो ते सांगतो. टॅप दोन ठिकाणी अडू शकतो. एक, मशीन आणि फोन यांच्यामध्येच. तेव्हा मशीन "पुन्हा लावा" किंवा "कार्ड घाला" असं काहीतरी म्हणतं आणि बँकेकडे काही जातच नाही. दुसरं, फोन नीट वाचला गेला, मागणी बँकेपर्यंत पोचली आणि बँकेने नाही म्हटलं. तेव्हाच खरा `DECLINED` येतो, आणि बहुतेक मशीन चिठ्ठीवर कारणाचा कोडही छापतात. तुमचा प्रकार दुसरा वाटतो, म्हणजे `NFC` चालू-बंद करून काही बदलणार नाही. ते नीट चाललं म्हणूनच तर बँकेचा नकार परत आला.

वंदनाताई, हे यूपीआय नाही. गूगल पे ॲप एकच असलं तरी टॅप केल्यावर पैसे कार्डाच्या रस्त्याने जातात, त्यामुळे यूपीआयची मर्यादा इथे लागतच नाही. ह्याच गोंधळातून आणखी एक चूक होते: मोठ्या रकमेला मशीनने पिन मागितला की लोक यूपीआयचा पिन टाकतात. तिथे कार्डाचा, एटीएमला टाकतो तोच पिन लागतो. तीनदा चुकला की सहसा कार्डाचा पिनच अडवला जातो, आणि मग तुम्ही एटीएमलाही अडकता.

मीनल_रावपुरा
चिठ्ठी समोर आहे. कोड 61. पण शेवटचे चार आकडे माझ्या कार्डाचे नाहीतच! माझ्या कार्डावर 7 ने संपतं, इथे 2 ने. दुसऱ्याच्या कार्डावर तर गेलं नाही ना?

मशीन_जोडणारा
घाबरू नका, तसंच असायला हवं. फोनमध्ये तुमच्या कार्डाचा खरा नंबर नसतोच. कार्ड जोडताना ओटीपी आला होता ना, तेव्हा कार्ड-नेटवर्कने, म्हणजे व्हिसा किंवा मास्टरकार्डसारख्या कंपनीने, तुमच्या कार्डासाठी, ह्या फोनसाठी आणि ह्या ॲपसाठी मिळून एक वेगळा नंबर तयार केला. तोच टोकन. ॲपमध्ये कार्ड उघडून तपशील पाहिलात तर आभासी खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे दिसतील, ते चिठ्ठीशी जुळवून बघा. कापड परत करायचं झालं तरी दुकानदाराला हेच आकडे दाखवायचे. प्लास्टिकच्या कार्डाचे दाखवलेत तर तो म्हणेल, हा व्यवहार ह्या कार्डाचा नाही.

आता 61. हा "रकमेची मर्यादा ओलांडली" असा नकार आहे. शिल्लक कमी असती तर सहसा 51 आला असता, पिन चुकला असता तर 55, आणि बँकेचं सर्व्हर उत्तर देत नसतं तर 91. 05 आला की मात्र चिठ्ठीवरून काही कळत नाही. बँक कारण न सांगता नुसतं नाही म्हणते, तिथे बँकेलाच फोन करावा लागतो.

सुहासराव, 2,000 ची मर्यादा पूर्वी होती. रिझर्व्ह बँकेने 1 जानेवारी 2021 पासून विनापिन टॅपसाठी ती 5,000 केली. शिवाय ती मर्यादा ओलांडली की व्यवहार मरत नाही, मशीन फक्त पिन मागतं. मीनलताईंकडे पिन मागितलाच नाही, सरळ नकार आला. पण 2,000 हा आकडा तुम्ही काढलात ते बरं केलंत, कारण मला वाटतं तोच इथे दुसऱ्या जागी बसलेला आहे.

2019 मध्ये टोकनचे नियम आले, तेव्हाच बँकांना सांगितलं होतं की टोकनवरच्या व्यवहारांसाठी ग्राहकाला एका व्यवहाराची आणि दिवसाची मर्यादा ठरवता आली पाहिजे, आणि टॅप, क्यूआर, ॲपमधली खरेदी यांतलं काय चालू ठेवायचं तेही निवडता आलं पाहिजे. म्हणून काही बँकांच्या ॲपमध्ये कार्डाच्या टॅपची मर्यादा एका ओळीत असते आणि टोकनची दुसऱ्या ओळीत. प्लास्टिक पहिल्या ओळीच्या हिशेबाने चालतं, फोन दुसऱ्या. एकच खातं, एकच मशीन, तीच रक्कम, तरी एक जातं आणि एक अडतं ते ह्यामुळे.

तर असं करा: बँकेचं ॲप (गूगल पे नव्हे), त्यात कार्ड, त्यात मर्यादा किंवा वापराचं पान. एटीएम, दुकान, ऑनलाइन, टॅप अशा ओळी दिसतील. टोकनची ओळ कधी त्याच पानावर तळाशी असते, कधी वेगळ्या पानावर. तिथे काय आकडा आहे तो इथे लिहा.

अनिकेत_इंदूर
मध्येच विचारतो, माफ करा. माझ्याकडे तर मर्यादेचा प्रश्नच येत नाही, टॅप केल्यावर फोन म्हणतो आधी कार्ड सेट करा. कालपर्यंत दोन्ही कार्डं होती. मधल्या काळात एकच बदल केला: आईंना फोन उघडता यावा म्हणून स्क्रीन-लॉक काढून टाकला. त्याचा संबंध असेल?

मशीन_जोडणारा
तेच कारण. गूगल पेच्या टॅपला स्क्रीन-लॉक हवाच. लॉक काढला की टोकन फोनवरून पुसलं जातं. लॉक परत लावलात तरी ते आपोआप परत येत नाही, दोन्ही कार्डं ओटीपी घेऊन पुन्हा जोडावी लागतील. नवीन फोन घेतल्यावरही तेच. डेटा जुन्या फोनवरून आणता येतो, टोकन आणता येत नाही.

मीनल_रावपुरा
सापडलं! दुकानाच्या टॅपला 5,000 होते आणि दोन ओळी खाली टोकनच्या व्यवहाराला 2,000. मी कधीच हात लावला नव्हता. 4,000 केले, ओटीपी आला. आज मेडिकलमध्ये 2,130 चं बिल फोनने गेलं. सुहासकाका, तुमचा 2,000 चा आकडा खरंच निघाला.

सुहास_दांडियाबाजार
वा. मीही माझ्या बँकेच्या ॲपमध्ये पाहिलं, तिथे टोकनची वेगळी ओळच नाही.

मशीन_जोडणारा
बँकेबँकेत फरक आहे. वेगळी ओळ नसेल तर टोकनचे व्यवहार दुकानाच्या किंवा टॅपच्या मर्यादेतच मोजले जात असण्याची शक्यता जास्त. मीनलताई, दिवसाची मर्यादाही तपासून ठेवा. एका व्यवहाराची 4,000 आणि दिवसाचीही तेवढीच असली, तर सकाळी 2,130 झाल्यावर संध्याकाळी 2,500 अडेल.

मीनल_रावपुरा
ती 10,000 आहे. पण आता दुसराच घोळ. मंगळबाजारातल्या एका तळघरातल्या दुकानात 600 रुपयेसुद्धा गेले नाहीत. ह्यावेळी `DECLINED` नाही, चिठ्ठी नाही. मशीन नुसतं पुन्हा लावा म्हणतं.

मशीन_जोडणारा
हा पहिला प्रकार. मशीन आणि फोन यांच्यामध्ये अडतंय, बँकेचा संबंध नाही. मशीनवर चार छोटे हिरवे दिवे असतील तर (किंवा पडद्यावर तसे चार ठिपके) त्यांच्याकडे बघा. एकच लुकलुकतो म्हणजे मशीन वाट बघतंय. चारही लागून बीप झाली म्हणजे वाचन पूर्ण. दोन लागून विझले तर फोन लवकर उचलला गेला.

फोनच्या कव्हरमध्ये मागे दुसरं कार्ड किंवा ऑफिसचं ओळखपत्र ठेवता का? ते असेल तर मशीनला दोन कार्डं दिसतात आणि ते कुठलंच घेत नाही. गाडीतल्या स्टँडसाठी कव्हरला लोखंडी पट्टी चिकटवली असेल तर तीही आड येते. आणि फोन पालथा करून मधोमध ठेवू नका. बऱ्याच फोनचा अँटेना कॅमेऱ्याखाली, पाठीच्या वरच्या भागात असतो. मशीनवर लहरींची खूण जिथे आहे तिथे तो भाग टेकवून दोन सेकंद स्थिर धरा. खूण काही मशीनवर पडद्याच्या वर असते, काहींवर पडद्यावरच.

मीनल_रावपुरा
कव्हर काढून पाहिलं, मागे काही नव्हतं. दिवे एकदा दोन लागले, एकदा एकही नाही. वहिनींचा फोन त्याच मशीनवर चालला. तळघरात माझ्या फोनला नेटवर्क नव्हतं, त्याने होतं का असं?

मशीन_जोडणारा
नेट नसलं तरी काही टॅप चालतात. फोनमध्ये थोड्या वापराच्या किल्ल्या आधीच उतरवून ठेवलेल्या असतात, त्या संपल्या की नेटवर येऊन नव्या घ्याव्या लागतात. पण तेव्हा फोन स्वतः काहीतरी सांगतो. तुमच्या फोनवर काही संदेश आला होता का? आणि `Settings` मध्ये `NFC` शोधून `Contactless payments` उघडा. तिथे ठरलेलं ॲप गूगल पेच आहे ना? दुसरं वॉलेट निवडलेलं असेल तर मशीनला तेच उत्तर देतं. मात्र मेडिकलमध्ये चाललं म्हटल्यावर ते कारण कमी वाटतं.

मीनल_रावपुरा
ठरलेलं ॲप गूगल पेच आहे. फोनवर संदेश काहीच नव्हता, फक्त थरथर झाली.

मशीन_जोडणारा
थरथर झाली म्हणजे फोनला मशीन दिसलं, पण बोलणं अर्ध्यात तुटलं. दोन शक्यता उरतात: त्या मशीनचा आणि तुमच्या फोनच्या अँटेनाचा मेळ बसत नाही, किंवा ते मशीन तुमच्या टोकनच्या कार्ड-नेटवर्कवर अडतंय. पुढच्या वेळी त्याच मशीनवर तुमच्याच फोनमधून दुसऱ्या नेटवर्कचं कार्ड निवडून लावा. ते गेलं तर फोन सुटला आणि दुकानदाराने मशीनवाल्या बँकेकडे तक्रार करायची. नाही गेलं तर फोन वर-खाली सरकवत जागा शोधायची.

मीनल_रावपुरा
माझ्याकडे दुसऱ्या नेटवर्कचं क्रेडिट कार्ड आहे, आज जोडते. शनिवारी तिकडे जाणं आहे, मग लिहिते.