विषय: स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी आडवं उडतंय, जाळी धुतली तरी पुन्हा तेच

मेधा (न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी,

आमच्या सिंकच्या नळाची धार सरळ पडायची सोडून आडवी उडते आहे. ओटा, मागची टाइल, अंगातले कपडे, सगळं भिजतं. नळाच्या तोंडाशी फिरवून बसवलेली जाळी (एरेटर) काढून पाहिली, तर आत बारीक खडे अडकले होते. धुऊन बसवल्यावर धार छान सरळ झाली, पण चार-पाच दिवसांत पुन्हा तोच प्रकार.

गेल्या महिन्यात पाणी कंपनीने रस्ता खोदून मेनपासून आमच्या तळघरातल्या मीटरपर्यंतची जुनी शिशाची लाइन बदलली. त्याआधी हा त्रास कधीच नव्हता. घर 1940च्या आसपासचं आहे आणि घरात सव्वा वर्षाचं बाळ आहे. जाळी नवीन आणून भागेल, की लाइनमधूनच काही येतंय? कुणाला अनुभव असेल तर कृपया लिहा.

विनायक

मेधा, हे क्षारांचं काम आहे. आमच्याकडेही जाळीवर पांढरा थर बसतो. रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेव, सकाळी जुन्या टूथब्रशने घास, मोकळी होते. नाही झाली तर हार्डवेअरच्या दुकानात नवी मिळते, जुनी सोबत ने म्हणजे आटे जुळतात की नाही ते तिथंच कळेल. आतून आटे असलेली आणि बाहेरून आटे असलेली, दोन्ही प्रकारच्या येतात. लाइनचा वगैरे विचार नको, फार खोलात जायची गरज नाही.

मोहनकाका

मेधाताई, आमच्या पुण्याच्या फ्लॅटवर अगदी हेच होतं. गच्चीवरच्या टाकीच्या तळाशी गाळ साचतो. टाकी रिकामी होत आली किंवा टँकरचं पाणी पडलं की तो ढवळून खाली येतो. शेवटी प्लंबरने सगळ्या जाळ्या काढूनच टाकल्या. तुमच्या बिल्डिंगची टाकी कधी धुतली होती, ते सोसायटीला विचारा.

सुधाताई

मेधा,

मी इथल्या एका शहराच्या पाणीवाटप विभागात बरीच वर्षं काम केलं, त्यातला बराच काळ लाइन बदलल्यानंतरच्या तक्रारी पाहण्यात गेला. काका, मेधाच्या घरी टाकी नाही, पाणी मेनमधल्या दाबानंच थेट नळाला येतं. पण तुमचं निरीक्षण इथंही लागू पडतं: साचलेला गाळ हलला की तो जाळीत येऊन बसतो. फक्त तो इथं कुठे साचला होता, हे शोधायचं आहे.

आधी धार आडवी का जाते ते सांगते. जाळीच्या वर छोट्या भोकांची एक चकती असते. पाणी त्या भोकांतून बारीक धारांनी येतं, बाजूने हवा ओढतं आणि जाळीतून मऊ होऊन पडतं. एका बाजूची भोकं खड्यांनी बुजली की उरलेल्या भोकांतून तेवढंच पाणी जोरात घुसतं, तेही तिरकं. त्यामुळे उडण्याची दिशा बुजलेल्या भोकांवर ठरते. मात्र पाणी जाळीतून न येता कडेच्या आट्यांतून फुटत असेल, तर तो वॉशर सरकल्याचा किंवा जाळी तिरकी बसल्याचा दोष आहे. तो वेगळा.

विनायक, व्हिनेगर क्षारांवर चालतं, गंजावर आणि रेतीवर फारसं चालत नाही. रात्रभरही ठेवू नका. अर्धा-एक तास पुरतो. तांबूस-काळ्या फिनिशचा नळ असेल तर व्हिनेगर त्यावर लागूच देऊ नका, रंग उडतो.

मेधा, आता जे अडकलंय ते फेकू नकोस. जाळी काढताना सिंकच्या मोरीवर बोळा लाव. खालून वर पाहत घड्याळाच्या उलट दिशेने फिरव. हाताने हलली नाही तर भोवती रबरबँड गुंडाळ, मगच पान्हा लाव, तोही कापडावरून. सुटे भाग ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने फडक्यावर ओळीने ठेव आणि फोटो काढ, कारण चकती उलटी बसली की धार पुन्हा वाकडी येते. खडे पांढऱ्या कागदावर झटक आणि मला चार गोष्टी सांग. त्यांचा रंग काय? लोहचुंबक लावल्यावर कोणते चिकटतात? व्हिनेगरचा थेंब टाकला तर कोणते फसफसतात? आणि हे फक्त याच नळाला होतं की वरच्या बेसिनलाही, गार पाण्यात की गरम पाण्यात?

खडे हातात घेतलेस तर हात साबणाने धू. बाळाला त्या ओट्यापासून लांब ठेव.

मेधा

ताई, सांगितल्याप्रमाणे केलं. खडे बहुतेक गडद तपकिरी, थोडे काळपट, जिऱ्यापेक्षा लहान. त्यातले बरेचसे चुंबकाला चिकटले. काही करडे, चपटे कण चिकटले नाहीत, व्हिनेगरनेही त्यांना काही झालं नाही. थोडे पांढरे कण फसफसून विरघळले. वरच्या मजल्यावरच्या बेसिनच्या जाळीतही हेच निघालं, पण थोडं. तिथं पांढरे कण जास्त आहेत. स्वयंपाकघरात आम्ही गार पाणीच जास्त वापरतो.

सुधाताई

चांगलं पाहिलंस, आता चित्र स्पष्ट होतंय.

चुंबकाला चिकटणारे तपकिरी खडे हे लोखंडाच्या गंजाचे तुकडे आहेत. दोन्ही नळांना येतात, म्हणजे ते मुळातल्या गार लाइनमधून येतायत. लाइन बदलताना पाणी बंद करून पुन्हा चालू करतात, तेव्हा दाब आणि वेग एकदम बदलतो आणि जुन्या पाइपच्या आत वर्षानुवर्षं बसलेला थर सुटतो. पांढरे, फसफसणारे कण बहुधा गरम पाण्याच्या हीटरमधले क्षार आहेत. ते विनायकांच्या म्हणण्यातले, आणि घाईचे नाहीत. हीटरच्या तळाच्या कॉकमधून पाणी काढून ते नंतर घालवता येतील.

करड्या कणांबद्दल मी अंदाज करणार नाही. शिशाची लाइन कापताना शिशाचे कण सुटतात, आणि जाळी ते अडवते. म्हणजे रोजचं पाणी त्या साठलेल्या कणांवरून वाहून येतं. त्यामुळे जाळी साफ करणं फक्त धारेसाठी नसतं. लाइन बदलणाऱ्यांनी तुला हे कागदावर लिहून दिलं असायला हवं होतं.

तू करायचं ते असं. एखाद्या दिवशी सकाळी घरातल्या सगळ्या नळांच्या जाळ्या काढ, शॉवरची तोंडंही काढ. तळघरातल्या नळापासून सुरुवात कर. फक्त गार पाणी, पूर्ण उघडं. मग वरच्या मजल्यांचे एकेक करत सगळे उघड आणि सगळे एकदम पूर्ण जोरात वाहू देत. शेवटचा उघडल्यानंतर किमान 30 मिनिटं. मग ज्या क्रमाने उघडले त्याच क्रमाने बंद कर. या वेळात गरम पाण्याचा नळ उघडू नकोस, नाहीतर गाळ हीटरमध्ये जाऊन बसेल आणि महिनोन्‌महिने थोडाथोडा येत राहील. वॉशिंग मशीन आणि फ्रिजचं बर्फाचं यंत्रही तेव्हा चालवू नका. जाळ्या धुऊन मगच बसव. ज्या जाळ्या घासूनही साफ होत नाहीत त्या बदल, त्या फार महाग नसतात.

तोवर बाळाच्या पिण्याला आणि दुधाला हे पाणी नको. पाणी उकळून शिसं जात नाही. फिल्टर घेशील तर खोक्यावर एनएसएफ/अँसी 53 असं लिहिलेलं आणि त्यात शिशाचं नाव असलेला घे. चव आणि क्लोरीनचा फिल्टर वेगळा असतो, तो शिशासाठी चालत नाही.

विनायक

सुधाताई, मग मीटरजवळच मोठा सेडिमेंट फिल्टर बसवला तर एकाच जागी सगळं अडेल ना? जाळ्या काढणं, धुणं काहीच नको.

सुधाताई

बाहेरून येणारा कचरा अडेल. पण मीटरच्या पुढे घरातच जुना लोखंडी पाइप असेल, तर तो खडे फिल्टरच्या पलीकडे सोडतो. मेधा, तुझ्या तळघरात मीटरपासून स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या पाइपला चुंबक लावून बघ. तांब्याला चिकटत नाही, गॅल्व्हनाइज्ड लोखंडाला चिकटतो.

मेधा

ताई, शनिवारी सगळं पाणी सोडलं. तळघरातल्या नळाला आधी चहासारखं तांबूस पाणी आलं, मग हळूहळू स्वच्छ झालं. स्वयंपाकघरातल्या जाळीत आठवडाभरात दोन-तीन खडेच सापडले, धार सरळ आहे.

पण चुंबक चिकटला. मीटरपासून सुमारे दहा फूट आणि पुढे भिंतीत जाणारा पाइप लोखंडी आहे. बाकी घरात तांबं. नवऱ्याचं म्हणणं आहे की आता खडे कमी झालेत, मग भिंत फोडायची कशाला. मला ते पटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

सुधाताई

मला तुझ्याच बाजूने वाटतं, पण आधी पाण्यातल्या शिशाची चाचणी करून घे आणि तिचा अहवाल आल्यावर ठरव. शिशाच्या लाइनच्या पुढे जोडलेल्या गॅल्व्हनाइज्ड पाइपच्या गंजात वर्षानुवर्षं शिसं साठत जातं आणि लाइन बदलल्यावरही तिथून सुटू शकतं. म्हणून इथल्या, अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नियमांत शिशाच्या लाइनीनंतरच्या अशा गॅल्व्हनाइज्ड सर्व्हिस लाइनीही बदलायच्या यादीत धरल्या आहेत. तुझा पाइप मीटरच्या आतला आहे, तो मालकाचा, तो बदलायचा निर्णय तुझा. किती शिसं त्यात आहे हे फक्त पाहून कुणीही सांगू शकणार नाही.

नमुना घेताना एक लक्षात ठेव: चाचणीच्या आदल्या दिवशी जाळी धुऊ नकोस, काढूही नकोस. रोज जसं पाणी घेता तसंच मोजायचं आहे. किमान 6 तास नळ वापरायचा नाही, मग सकाळचं पहिलं एक लिटर बाटलीत. प्रयोगशाळा राज्याकडून प्रमाणित असलेलीच घे, आणि बाळाची रक्ततपासणी करायची की नाही ते डॉक्टरांना नक्की विचार, पाण्याचा अहवाल येईपर्यंत थांबू नकोस.

मोहनकाका

सुधाताई, माझा एक प्रश्न राहिला. पुण्यात जाळ्या काढून टाकल्यात, ते बरं की वाईट?

सुधाताई

काका, खडे आता जाळीत न अडता ग्लासात येतात, एवढाच फरक. पाणीही जास्त वाहतं आणि उडतं. जाळ्या परत बसवून टाकी धुऊन घ्या आणि टाकीच्या खालच्या तोटीची जागा तळापासून थोडी वर आहे का ते बघून घ्या.

मेधा

प्रयोगशाळेची बाटली बुधवारी येणार आहे. गुरुवारी रात्री 10 नंतर नळ बंद, शुक्रवारी सकाळी नमुना. दोन प्लंबरना पाइपचे फोटो पाठवलेत. एकाचं म्हणणं, भिंत न फोडता तळघरातून प्लास्टिकचा नवा पाइप नेता येईल. दुसऱ्याने अजून उत्तर दिलेलं नाही.