मदत हवी आहे: स्क्रॅबलमध्ये दोन अक्षरांच्या शब्दाला ५२ गुण कसे?

ओसरीवरची

सुट्टीत भाची आली आहे, नणंदेची मुलगी, नववीत आहे. ती शाळेच्या क्लबात स्क्रॅबल खेळते. काल पहिल्याच डावात तिने माझी दांडी उडवली, आणि तिने गुण बरोबर मोजले की मला गंडवलं हेच अजून कळलेलं नाही.

तिने सुरुवातीला आडवा PLATE लावला. मी त्यातला शेवटचा ई वापरून उभा HERO लावला, १२ गुण. मग तिने दोनच टाइल ठेवल्या, ई आणि एक्स:

```
     E F G H I J
 7   . . . . H .
 8   P L A T E .
 9   . . . . R E
10   . . . . O X
```

एक्स गडद निळ्या घरावर, म्हणजे अक्षर तिप्पट. एक्सचे ८, तिप्पट २४, ईचा एक. माझ्या हिशेबाने २५. तिने लिहिले ५२! "मामी, दोन्हीकडून मोजायचं असतं," म्हणाली. हे खरं आहे का? आणि खरं असेल तर मी काय चुकले?

पेठेतला पांडू

सातही टाइल एका खेळीत संपवल्या की ५० बोनस मिळतो, तोच धरला असेल तिने.

ओसरीवरची

अहो, दोनच टाइल लावल्या तिने.

खडूफळा

भाचीचं बरोबर आहे. नवीन टाइलमुळे जेवढे शब्द तयार होतात ते सगळे मोजतात. इथे तीन झाले: उभा EX, खाली आडवा OX आणि मध्ये RE. एक्स दोन शब्दांत आहे, म्हणून २४ दोनदा. पण हे फक्त अक्षराच्या घरांना. गुलाबी घर असतं, म्हणजे शब्द दुप्पट, तर ते मुख्य शब्दालाच लागू झालं असतं, आडव्याला नाही.

तिसरी पिशवी

खडूफळा, पहिला भाग बरोबर, दुसरा नाही. त्या खेळीत नवी टाइल ज्या घरावर बसली, त्या घराचा फायदा तिच्यातून जाणाऱ्या दोन्ही शब्दांना मिळतो, मग घर अक्षराचं असो की शब्दाचं. तोच एक्स गुलाबी घरावर असता तर EX चे ९ दुप्पट १८ आणि OX चेही १८. "मुख्य शब्द" असं नियमात काही नाही.

ओसरीवरची ताई, तुमचा हिशेब असा: EX २५, OX २५, RE २. एकूण ५२. ओ तुमचाच, आधीपासून पडलेला, त्याचा एक गुण तिला फुकट.

आता तुम्ही काय चुकलात. तुमच्या HERO चा ओ बरोबर गडद निळ्या घराच्या डावीकडे येऊन बसला. रिकाम्या तिप्पट घराला स्वर चिकटला की तिथे एक्सची वाट मोकळी होते, कारण एक्स स्वराच्या मागेही बसतो आणि पुढेही: AX, EX, OX, XI, XU. पाचही स्वरांबरोबर त्याचं जमतं, फक्त बाजू सांभाळायची. तिच्याकडे ई नसून आय असता तर एक्सखाली आय ठेवून XI केलं असतं, तेही ५०.

क्यूचं इतकं सोपं नाही. QI दोन्हीकडून बसवायला आय घराच्या उजवीकडे किंवा खाली लागतो. बसलाच तर ६२, पण तुमच्या ओला क्यूचं काहीच नसतं.

कोरी टाइल

माझ्याकडे परवा कोरी टाइल होती. ती एक्स म्हणून अशीच गडद निळ्या घरावर ठेवली, ५० मागितले. भावाने २ दिले. भांडण अजून चालू आहे.

तिसरी पिशवी

भाऊ जिंकला. कोरी टाइल शून्याची, तिप्पट केली तरी शून्यच. गुलाबी किंवा लाल घरावर ठेवली असती तर निदान शेजारच्या स्वराचे गुण वाढले असते.

ओसरीवरची

थोडक्यात, भाची खरी. मग आणखी एक सांगते. पुढच्या खेळीत मी तिच्या EX खाली आय आणि टी लावून EXIT केलं आणि म्हटलं, आता एक्सचे २४ मलाही. ती हसायलाच लागली. ११ दिले.

तिसरी पिशवी

११ च. घराचा फायदा टाइल ठेवली त्या खेळीपुरता, नंतर एक्स साधा ८ चा.

HERO च्या वेळी तुमच्या हातात बाकी काय होतं?

ओसरीवरची

एच, आर, ओ, दोन आय, यू, डी. लिहून ठेवलं होतं, कारण रडत बसले होते.

खडूफळा

मग HER वर थांबायचं. ११ गुण, म्हणजे एकच कमी. शब्द आरवर संपतो, गडद निळ्या घराला काही चिकटत नाही. तीच ई-एक्सची खेळी तिने केली असती तरी OX झालाच नसता, २७ वर भागलं असतं.

नाक्यावरचा गणित्या

पण एक्स तिच्याकडे असण्याची शक्यता किती? १०० टाइलमधून पटावरच्या ५ आणि ताईंच्या ७ वजा केल्या की ८८ उरतात, त्यातल्या ७ भाचीकडे. साधारण ८ टक्के. एवढ्यासाठी घाबरून खेळायचं? शिवाय HER लावलं तर हातात ओ, दोन आय, यू आणि डी उरतात. नुसती स्वरांची खिचडी. पुढची खेळी फुकट जाते ती कोण मोजणार?

तिसरी पिशवी

स्वरांचं मान्य. पण तिथे धोका एकट्या एक्सचा नव्हता. त्याच जागी एफ ठेवला तर EF, OF आणि RE मिळून २८. एच ठेवला तरी EH आणि OH चे तेवढेच. ८ टक्के हा फक्त एक्सचा आकडा झाला.

दोघांनाही पटेल असं एक सुचवतो: HIRED. तोच PLATE चा ई, त्याच्या वर एच, आय, आर आणि खाली डी. गुण HERO इतकेच, १२. एक आय आणि डी हातातून गेले, ओ, आय, यू उरले. आणि शब्द डीवर संपल्यामुळे खालच्या गडद निळ्या घराशी त्याचा संबंध येत नाही.

ओसरीवरची

HIRED! समोर होतं की.

नाक्यावरचा गणित्या

जरा थांबा, पट काढून बघितला. HIRED चा आय वरच्या गडद निळ्या घराला चिकटतो. IX चालत नाही, बरोबर. पण तिथे एफ ठेवून त्याच्या वर ओ लावला की OF १३, IF १३ आणि एचपुढे ओ येऊन HO चे ५. झाले ३१. तुमच्या HERO वर एफला २८ होते.

तिसरी पिशवी

हो, ते आहे. एफ दोन असतात, एक्स एकच. पण एक्सने ५२ गेले असते. मी तरी HIRED च लावीन, शपथ घेऊन सांगणार नाही.

पेठेतला पांडू

त्या गडद निळ्या घराशेजारी व्ही ठेवला तर? व्हीचा दोन अक्षरी शब्दच नाही म्हणतात.

तिसरी पिशवी

नाहीच. अडवायला व्ही झकास. पण ताईंकडे व्ही होता कुठे?

ओसरीवरची

काल नव्हता. आज दोन्ही व्ही माझ्याकडे आलेत आणि एक स्वर नाही. भाची समोर बसून गालातल्या गालात हसतेय.